न्यू जर्सीहून परतल्यावर पहाटेचं ऊन नको

"जेट लॅग म्हणजे लांबच्या विमानप्रवासाचा थकवा, बाकी काही नाही. पूर्वेला जा नाहीतर पश्चिमेला, तास सारखे तर त्रास सारखा. रात्री मेलाटोनिनची गोळी घ्यायची, पहाटे उठून उन्हात चालायचं, दोन दिवसांत गाडी रुळावर."

अमेरिकेत मुलांकडे सहा महिने राहून आलेले आईबाबा ऑक्टोबरात परतू लागले, की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा निरोप पुन्हा उगवतो. त्यातलं एकेक बघू.

थकव्याचं आधी, कारण ते लवकर उरकतं. लंडनहून केप टाउनला जायला अकरा-बारा तास लागतात. पाय सुजतात, अंग आंबतं. पण दोन्हीकडच्या घड्याळांत उन्हाळ्यात एकाच तासाचा फरक असतो, म्हणून एक रात्र नीट झोपलं की माणूस ताजातवाना. न्यू यॉर्कहून मुंबईला आलेला माणूस मात्र बिझनेस क्लासमध्ये आडवा होऊन आला तरी चौथ्या रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेला असतो. थकवा झोपेनं जातो. इथे झोपच चुकीच्या वेळी येते.

आता दिशा. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. तेच शरीराचं मुख्य घड्याळ. उजेड-अंधाराची खूण न देता माणसांना ठेवलं, तर ते किती तासांची फेरी घेतं? १९६०च्या दशकात जर्मनीत बंकरमध्ये झालेल्या प्रयोगांतून उत्तर आलं होतं २५ तास, आणि जुन्या पुस्तकांत अजून तेच छापलेलं दिसतं. तिथे लोक स्वतः दिवे लावत होते आणि तो उजेडच घड्याळ मागे ओढत होता. १९९९ साली हार्वर्डच्या संशोधकांनी मंद उजेडात काटेकोर मोजलं तेव्हा सरासरी निघाली २४ तास आणि दहा-अकरा मिनिटं.

म्हणजे आपलं घड्याळ मुळातच थोडं रेंगाळणारं आहे. पश्चिमेला गेल्यावर त्याला मागे सरकायला, म्हणजे उशिरा झोपायला सांगावं लागतं, आणि ते त्याला आवडतं. पूर्वेला गेल्यावर पुढे यायला, म्हणजे लवकर झोपायला सांगावं लागतं, तिथे ते अडून बसतं. ढोबळ हिशोब असा, की पश्चिमेकडे ते दिवसाला साधारण दीड तास सरकतं आणि पूर्वेकडे जेमतेम एक तास. जुलैत लंडन मुंबईच्या साडेचार तास मागे असतं आणि सिडनी बरोबर साडेचार तास पुढे. तास सारखेच, पण लंडनला घड्याळ तीन दिवसांत जुळतं आणि सिडनीला साडेचार दिवस लागतात. ही सरासरी झाली. काहींचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित कमी चालतं, अशा पहाटपक्ष्यांना पूर्वेचा प्रवास तितका जड जात नाही.

गोळीबद्दल थोडक्यात. मेलाटोनिन ही 'रात्र झाली' अशी शरीराला दिलेली खबर आहे. शरीराच्या संध्याकाळी ती दिली तर घड्याळ पुढे येतं, शरीराच्या सकाळी दिली तर मागे जातं. त्यामुळे किती घेतली यापेक्षा केव्हा घेतली याला महत्त्व जास्त. अर्धा ते पाच मिलिग्रॅम पुरतं, त्यापुढे वाढवून फायदा वाढत नाही. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा फिट्सचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये. सत्तरीतल्या मंडळींना हा निरोप पाठवताना निदान एवढं तरी लिहायला हवं होतं.

आणि आता पहाटेचं ऊन. ही सूचना सगळ्यांत जास्त पाळली जाते आणि सगळ्यांत जास्त घोळ तीच घालते.

शरीराचं तापमान रोज एकदा तळाला जातं. नेहमी गजराविना जाग येते त्याच्या सुमारे अडीच-तीन तास आधी ही वेळ येते. या तळाच्या आधीच्या तासांत डोळ्यांवर उजेड पडला तर घड्याळ मागे सरकतं, नंतरच्या तासांत पडला तर पुढे. एकच ऊन, परिणाम उलटे.

माझ्या सासूबाई न्यू जर्सीतल्या एडिसनला रात्री अकराला झोपत आणि साडेसहाला उठत. म्हणजे त्यांचा तळ पहाटे चारच्या आसपास. ऑक्टोबरात पुणं तिथून साडेनऊ तास पुढे, म्हणजे पुण्यात उतरल्यावर तोच तळ दुपारी दीडला. आता निरोपाप्रमाणे त्या साडेसहाला सारसबागेत गेल्या. शरीराच्या लेखी तेव्हा रात्रीचे नऊ. त्या उजेडानं घड्याळ मागे ढकललं. दुपारी दीडनंतर जेवून गॅलरीत बसल्या, त्या उजेडानं पुढे ओढलं. पाच दिवस हीच रस्सीखेच, आणि रोज दुपारी जेवतानाच मान टाकायच्या, रात्री दोनला टक्क जाग्या.

इथे निरोप लिहिणाऱ्याच्या बाजूनं एक गोष्ट कबूल करायला हवी. साडेनऊ तास पुढे यायचं तर रोजी एक तास धरून साडेनऊ दिवस लागतात. उलट्या वाटेनं साडेचौदा तास मागे जायचं तर रोजी दीड तास धरून जवळपास तेवढेच. म्हणजे दोन्ही वाटा सारख्याच लांब आहेत, नुकसान होतं ते सकाळी एक आणि दुपारी दुसरी धरल्यानं. कॅलिफोर्नियाहून परतणाऱ्यांचं गणित तर आणखी वेगळं. तिथला पहाटे चारचा तळ भारतात संध्याकाळी साडेचारला येतो, म्हणून दिवसभराचा उजेड एकाच दिशेला, मागे ओढतो. त्यांना पहाटेचं ऊन चालतं. विमान पॅसिफिकवरून आलं की अटलांटिकवरून, याचा यात काही संबंध नाही.

पुढच्या वर्षी सासूबाईंसाठी आम्ही पुढे यायची वाट धरली. पहिल्या दिवशी दीडपर्यंत पडदे ओढलेले, बाहेर जायचंच झालं तर काळा गॉगल. दोन ते साडेपाच गॅलरीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात उन्हात बसायची गरज नसते. सावलीतला बाहेरचा उजेडही घरातल्या ट्यूबलाइटच्या कित्येक पट असतो. दुपारची डुलकी वीस मिनिटांची, गजर लावून. उजेड टाळायची ही दीडची रेषा रोज तासभर अलीकडे आणली: दुसऱ्या दिवशी साडेबारा, तिसऱ्या दिवशी साडेअकरा. गुंगी कधी येते यावर लक्ष ठेवलं की हिशोब बरोबर चाललाय का ते कळतं, कारण तळाच्या आसपासच ती सर्वांत दाट असते. चौथ्या दिवशी ती जेवणाच्या ताटावरून सरकून सकाळच्या पेपरवर आली, तेव्हा त्या वैतागल्या होत्या आणि आम्ही खूश.

आठव्या दिवशी रेषा साडेसहाला पोचली. त्या दिवशी त्यांना सारसबागेत जायची परवानगी मिळाली.