दोन मिनिटांत जातो तो वास नव्हे: मिक्सरच्या भांड्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. लेख म्हणजे निव्वळ लांबण आहे. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालून मिक्सर फिरवला की डाग आणि चटणीचा वास दोन मिनिटांत जातो, हे आता लहान मुलालाही माहीत आहे. तुम्ही रिंगेला तेल चोळायला लावता, वर ती उन्हात ठेवायला सांगता. उन्हाने रबर कडक होतं, एवढं तरी माहीत असावं. आणि ज्याला वेळ नाही त्याने सरळ नवी रिंग आणावी."
(एक वाचक, कोथरूड)

नमस्कार. मिक्सरच्या भांड्याचा आणि त्याच्या झाकणातल्या रबरी रिंगेचा वास कसा घालवायचा, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही ही प्रतिक्रिया दिलीत.

राग मानू नका असं आधी लिहून पुढे 'एवढं तरी माहीत असावं' असं लिहिलं की राग येतोच, आणि मला आला. तुम्ही मला ओळखत नाही. मी २०११ पासून नऊ वर्षं सहकारनगरमधल्या माझ्या स्वयंपाकघरात कोरड्या चटण्या करून विकल्या. लसणाची, शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची. आठवड्याला सात-आठ किलो. मिक्सरची तीन भांडी पाळीपाळीने चालायची आणि त्यांच्या झाकणांतल्या रिंगा रोज रात्री मी स्वतः काढून धुवायची. माझ्या चुका दाखवा, त्याला माझी ना नाही. पण मी ऐकीव गोष्टी लिहिते असं समजून बोलू नका. लहान मुलाचा दाखला मोठ्या बाईशी बोलताना देत नाहीत, निदान आमच्या घरी तरी देत नाहीत.

आधी तुमचं बरोबर आहे ते सांगते. रिंग 'दिवसभर उन्हात ठेवा' असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. काळं किंवा लाल रबर रोज कडक उन्हात पडलं तर ताठ होतं आणि वाकवलं की बारीक चिरा दिसतात. पांढरी, मऊ सिलिकॉनची रिंग ऊन बरंच सोसते, पण कुठली रिंग कशाची आहे हे घरात सगळ्यांनाच ओळखता येतं असं नाही. रिंग सावलीत, वाऱ्यावर वाळवली तरी काम होतं. ती ओळ मी आज सुधारली आहे. ऊन लागतं ते झाकणावरच्या हळदीच्या डागाला, त्याबद्दल खाली लिहिते.

आता सोडा आणि व्हिनेगर.

एक चमचा खाण्याचा सोडा म्हणजे साधारण पाच ग्रॅम. बाजारातल्या साध्या व्हिनेगरचे पाच मोठे चमचे त्यात पडले की सोडा संपतो आणि व्हिनेगरचा आंबटपणाही संपतो. खाली उरतं ते एक निरुपद्रवी क्षार विरघळलेलं पाणी. सोड्याने चिकट तेलकटपणा सैल होतो, व्हिनेगरने पाण्याचा पांढरा थर सुटतो. दोन्ही आपापल्या जागी कामाचे आहेत, आणि एकत्र आले की एकमेकांना मारतात. जो फेस तुम्हाला काम करताना दिसतो, तो त्यांच्या मरणाचा फेस आहे. फेसाने सुटे कण वर येतात एवढं खरं, पण तेवढं साध्या पाण्याच्या धारेनेही होतं.

आणि हे मिश्रण झाकण लावून फिरवायचं म्हणता? एका चमचा सोड्यातून निघणारा वायू सव्वा लिटरच्या वर जातो. चटणीचं भांडं जेमतेम अर्ध्या लिटरचं. तो वायू कुठे जाणार? झाकण उचलून ओट्यावर फेकतो, नाहीतर रिंगेच्या कडेने फसफसत बाहेर येऊन मिक्सरच्या बुडावर उतरतो. तिथे खाली मोटर आहे. हे वाचून उद्या कुणी करून बघितलं तर, म्हणून इतक्या स्पष्टपणे लिहिते आहे.

तरीही तुम्हाला वास गेल्यासारखा वाटतो, आणि त्याचं कारण तुम्ही बघितलेलं नाही. भांडं नुकतं धुतलेलं असतं, म्हणजे गार आणि ओलं. रबरातला वास गार असताना बाहेर येत नाही, आणि वर व्हिनेगरचा झणझणीत वास नाकात बसलेला असतो. स्टील स्वतः वास धरत नाही. वास राहतो दोन ठिकाणी: झाकणाच्या खोबणीतल्या रिंगेत आणि पात्याच्या बुडाशी, जिथे पातं भांड्यात घुसतं तिथल्या फटीत. लसणाच्या वासाचे पदार्थ पाण्यापेक्षा तेलात सहज मिसळतात, आणि चटणीत शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल असतंच. ते तेल रबर शोषतं आणि तेलाबरोबर वासही आत जातो. वरून फेस फिरवून आतला वास निघेल तरी कसा?

हे मी पुस्तकातून शिकले नाही, पैसे देऊन शिकले. २०१४ च्या चातुर्मासात एका ओळखीच्या आजींनी आषाढी एकादशीला दाण्याच्या लाडवांची ऑर्डर दिली. घरात चार महिने कांदा-लसूण बंद. मी आदल्या दिवशी लसणाची चटणी केली होती, म्हणून भांडं तुमच्याच पद्धतीने धुतलं, सोडा, व्हिनेगर, फेस, सगळं. वास घेतला, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन किलो दाण्याचं कूट एकामागून एक फिरवलं. पाचव्या-सहाव्या घाण्याला भांडं हाताला गरम लागायला लागलं, आणि गरम भांड्याने रिंगही तापली. दाणे तेलकट, त्यांनी तो वास जसाच्या तसा उचलला. दुपारी आजींच्या सुनेने डबा परत आणून दिला. एक शब्द बोलली नाही. लाडू फोडला तर गुळाच्या मागून लसूण येत होता. तो दिवस मी विसरलेली नाही.

त्यानंतर मी जे करते ते पुन्हा, जरा सविस्तर, लिहिते.

रिंग काढायची ती बोथट वस्तूने, चमच्याच्या दांड्याने किंवा लाकडी काडीने. सुरीने कापली जाते, आणि एकदा चीर पडली की चटणी त्यातच भरते. खोबणीत बघा. तिथे काळसर-पिवळी तेलकट रेघ दिसेल, बोटाने ओढली तर मेणासारखी येते. वासाचं मोठं घर तेच. आधी कोरड्या कापडाने पुसून टाका, पाणी लावू नका.

मग रिंगेला अर्धा चमचा बिनवासाचं तेल, म्हणजे सूर्यफुलाचं रिफाइंड, सगळीकडून चोळायचं. हेच तुम्हाला हास्यास्पद वाटलं. पण तेलात गेलेला वास तेलानेच बाहेर ओढला जातो, जसा हाताला लागलेला फणसाचा चीक तेलाने सुटतो. वीस मिनिटं पुरे. त्याच्या पलीकडे ठेवू नका, साधं रबर तेल पिऊन फुगतं आणि मग खोबणीत बसत नाही, झाकणातून पातळ चटणी गळायला लागते. वीस मिनिटांनी भांडी घासायच्या लिक्विडने आणि कोमट पाण्याने दोनदा घासा, जुन्या टूथब्रशने, आतल्या कडेला. पाण्यावर तेलाचा तवंग दिसायचा थांबला की झालं. मग एक पेला कोमट पाण्यात एक मोठा चमचा सोडा घालून रिंग रात्रभर त्यात. सोडा इथे एकटाच, व्हिनेगरशिवाय. खवट झालेल्या तेलाचा आंबूस वास तो घेतो. सकाळी धुवून सावलीत वाऱ्यावर.

पात्याच्या बुडासाठी मूठभर कोरडे तांदूळ रवाळ फिरवा, मग पुसून पाव भांडं कोमट पाणी आणि लिक्विडचे दोन थेंब घालून दहा सेकंद. भांडं उपडं घालून वाळवा, पण रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नका. बुडाला पात्याच्या दांड्याभोवती जो बुश असतो त्यातलं वंगण धुऊन जातं, आणि मग एक दिवस चटणीखाली राखाडी पाणी दिसतं. ते दिसलं की भांडं दुरुस्तीला न्यायची वेळ झाली.

डागाचं म्हणाल तर झाकणावरचा पिवळेपणा हळदीचा असतो. सोडा लावला की तो लालसर होतो, बरेच जण घाबरून सोडतात. घाबरू नका, हळदीला चुना लावून कुंकू करतात तोच प्रकार आहे. धुतला की पिवळा परत येतो. घासून तो पूर्ण निघत नाही, पण ऊन त्याला खातं. झाकण धुऊन, रिंग काढून, आतली बाजू वर करून दोन-तीन दुपारी गॅलरीत ठेवा. पारदर्शक झाकण सोड्यात भिजत मात्र ठेवू नका, ते ढगाळ होतं.

नवी रिंग आणायला माझी हरकत नाही. तुळशीबागेत मिळते, मापाची मिळाली तर घ्या. पण खोबणीतली ती रेघ तशीच ठेवून नवी रिंग बसवलीत तर चार दिवसांत तिलाही तोच वास लागेल, आणि तेव्हा माझ्या लेखात लांबण होती की नव्हती हे तुम्हालाच कळेल.

वेळ नाही हे मला सांगू नका. हाताचं काम पंधरा मिनिटांचं आहे, बाकी रिंग आपली आपण भिजते.

तुमचा दोन मिनिटांचा उपाय खरा की माझा, हे एका रात्रीत कळतं. तुम्ही धुतलेली रिंग कोरडी करा, स्टीलच्या छोट्या घट्ट डब्यात टाका, झाकण लावा आणि डबा रात्रभर ओट्यावर, जरा उबेला ठेवा. सकाळी नाक जवळ नेऊन झाकण उघडा. मी अजूनही गोडाचं काही करायच्या आदल्या रात्री हेच करते. तुमच्या डब्यात काय आलं ते इथेच खाली लिहा, मी ते काढून टाकणार नाही.