मुलाखत बिघडली असं वाटतंय? मग माफीनामा नको, एक भक्कम गोष्ट लिहा

मुलाखत देऊन बाहेर पडल्यावर ज्या उमेदवाराला वाटतं की आपण माती खाल्ली, तो त्या रात्री दोनपैकी एक गोष्ट करतो. गप्प बसतो, नाहीतर माफीचा लांबलचक मेल पाठवतो. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षं अकाउंट्स सांभाळते आहे आणि मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसते. त्या खुर्चीवरून सांगते, दोन्हींचा उपयोग नाही. तिसरा एक मार्ग आहे: सात-आठ ओळींचा मेल, त्यात चुकीची दुरुस्ती एका वाक्यात आणि उरलेल्या जागेत आपली एकच ताकद, पुराव्यासकट.

माझ्या भाचीचंच उदाहरण देते, तिला विचारून. एका कारखान्यात ज्युनियर अकाउंटंटची जागा होती. तिला प्रश्न आला: मे महिन्यात खरेदी रजिस्टरप्रमाणे जीएसटीचं क्रेडिट 18 लाख बसतंय, पण टू-बीमध्ये 15 लाख 40 हजारच दिसतंय, तर काय कराल? ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी, जो आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करता येतो. टू-बी म्हणजे आपल्या सप्लायरांनी भरलेल्या रिटर्नवरून पोर्टल दर महिन्याच्या 14 तारखेला तयार करतं तो तक्ता. सप्लायरने आपलं बिल दाखवलं नसेल, तर ते त्यात येत नाही.

भाची म्हणाली, "सप्लायरला फोन करेन." समोरच्यांनी विचारलं, "ठीक, पण या महिन्याच्या रिटर्नमध्ये क्रेडिट किती घ्याल?" ती गडबडली आणि म्हणाली, "18 लाख." हे चूक आहे. जानेवारी 2022 पासून नियम स्पष्ट आहे, बिल टू-बीमध्ये आलं नाही तर त्याचं क्रेडिट घेता येत नाही. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढचे प्रश्न टॅलीतल्या नोंदींवर गेले. बाहेर पडून तिने मला फोन केला, "मावशी, वाट लागली. रोज करते तेच काम आणि तेच चुकले."

तिचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. ती हे काम खरंच दर महिन्याला करते, आणि मुलाखतीत नेमकं तेच कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी तिने मला मेलचा मसुदा पाठवला. इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा: "सर, आज मी खूप नर्व्हस होते, त्याबद्दल मनापासून माफी मागते. काल रात्री झोप झाली नव्हती. मला उत्तर येत होतं पण त्या वेळी सुचलं नाही. मी अतिशय मेहनती आहे, लवकर शिकते, टीममध्ये चांगलं काम करते. कृपया आणखी एक संधी द्यावी, मी आपली निराशा करणार नाही. झालेल्या त्रासाबद्दल पुन्हा एकदा क्षमस्व."

यातला शब्द न् शब्द खरा होता. तरी मी तिला तो पाठवू दिला नाही.

मुलाखत संपल्यावर आमच्या हातात एक कागद असतो. त्यावर विषयवार गुण आणि खाली शेऱ्याची जागा असते. दिवसभरात सात-आठ जण येऊन गेले की संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी एचआरवाले विचारतात, कुणाला पुढे न्यायचं? तेव्हा आठवण पुसट झालेली असते आणि शेराच बोलतो. तिच्या शेऱ्यात बहुधा "जीएसटी कच्चं" एवढंच असणार. माफीच्या मेलने त्यात काय भर पडली असती? तिचं जीएसटी कच्चं आहे हे तिनेच लेखी कळवलं असतं आणि दडपणाखाली ती गळपटते हेही सांगितलं असतं. मेहनती, लवकर शिकणारी, हे तर प्रत्येक बायोडेटावर असतं. ते वाचून कुणी शेरा बदलत नाही. "क्षमस्व" दोनदा वाचल्यावर माणूस सौजन्याने "काही हरकत नाही" असं उत्तर देतो आणि पुढच्या कामाला लागतो.

म्हणून मी तिला विचारलं, "या कामातलं असं काय आहे, जे तू स्वतः केलंस आणि ज्याचा फरक आकड्यात दिसला?" सुरुवातीला ती म्हणाली, "काही विशेष नाही गं, रूटीन काम." मग बोलता बोलता निघालं. तिच्याकडे सुमारे 140 सप्लायर आहेत. दर महिन्याला जुळत नसलेली बिलं ती तीन ढिगांत टाकते: सप्लायरने उशिरा भरलेली, नंबर किंवा तारीख चुकलेली, आणि आपल्याच पुस्तकात दोनदा पडलेली. काही महिने असं केल्यावर तिला दिसलं की पहिल्या ढिगात तेच ते छोटे जॉब वर्कवाले येतात. त्यांची उलाढाल 5 कोटींच्या आत, त्यामुळे ते तिमाही रिटर्न भरतात. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या 13 तारखेपर्यंत पोर्टलवर चढवायची सोय त्यांना असते, पण ती ऐच्छिक असते, म्हणून राहून जाते. मग हिने 14 तारखेनंतर भांडायचं सोडलं आणि दर महिन्याच्या 5 ते 8 तारखेला त्या पंचवीसेक जणांना बिलांची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवायला लागली. चार महिन्यांत अडकलेलं क्रेडिट अडीच लाखांवरून 40 हजारांच्या आसपास आलं.

मी थक्क झाले. मुलाखतीत याची एक ओळही आली नव्हती. विचारलेला प्रश्न याच गोष्टीचा होता, फक्त वेगळ्या तोंडाने विचारलेला.

शेवटी गेलेला मेल मराठीत असा होतो:

"विषय: ज्युनियर अकाउंटंट मुलाखत, टू-बीच्या प्रश्नाबद्दल

नमस्कार सर,
आज वेळ दिल्याबद्दल आभार. टू-बी आणि खरेदी रजिस्टरच्या प्रश्नात मी 18 लाख म्हटलं, ते बरोबर नव्हतं. त्या महिन्यात क्रेडिट टू-बीमध्ये आलेल्या बिलांपुरतंच घेता येईल आणि उरलेल्या बिलांचा पाठपुरावा करावा लागेल.
हा पाठपुरावा मी सध्याच्या नोकरीत दर महिन्याला करते. सुमारे 140 सप्लायरांपैकी सतत मागे राहणारे तिमाही रिटर्नवाले 25 जण मी वेगळे काढले आणि त्यांना 8 तारखेच्या आत बिलांची यादी पाठवायला सुरुवात केली. चार महिन्यांत अडकलेलं क्रेडिट सुमारे अडीच लाखांवरून 40 हजारांवर आलं.
आपली इच्छा असल्यास नमुना आकडे घेऊन ही जुळवणी मी समोर बसून करून दाखवू शकते.
आपली नम्र,"

खाली नाव आणि फोन नंबर. बस्स.

दुरुस्तीच्या वाक्यात "सॉरी" नाही आणि कारणही नाही. झोप, नेटवर्क, ट्रॅफिक, घरातलं आजारपण, खरं असलं तरी इथे लिहू नये. वाचणाऱ्याला ते तपासता येत नाही, आणि मग तुम्ही त्याच्याकडे कामाऐवजी सहानुभूती मागता. दुसरं, अचूक उत्तर एका वाक्यात आटोपलंय. बरेच जण घरी जाऊन शोधतात आणि कलमांसकट अर्धं पान चिकटवतात. ते मोबाइलवरून कुणालाही मिळतं हे आम्हाला ठाऊक असतं, त्यामुळे त्याचं वजन शून्य. पण 8 तारखेच्या आत यादी पाठवायची, हे ज्याने हे काम केलंय त्यालाच सुचतं. अनुभवी अकाउंट्सवाल्याला तो फरक लगेच कळतो.

आणि ताकद एकच आहे. भाचीला टीडीएसचंही लिहायचं होतं, एक्सेलमधल्या पिव्होट टेबलचंही. मी नको म्हटलं. मेलमध्ये चार गोष्टी आल्या की तो दुसरा बायोडेटा होतो. जिथे हात घसरला त्याच विषयातली एक गोष्ट दिली, तर शेऱ्याच्या शेजारी लिहायला आमच्याकडे काहीतरी येतं. त्याच विषयातलं काही नसेल, तर त्या जागेच्या रोजच्या कामातलं द्या. तेही नसेल, तर नुसतं आभाराचं पत्र पाठवा. ओढूनताणून काढलेली ताकद पुढच्या फेरीत दोन प्रश्नांत उघडी पडते.

एक धोका आवर्जून सांगते, कारण तो मी प्रत्यक्ष पाहिलाय. पुरावा म्हणून जुन्या कंपनीची एक्सेल शीट जोडू नका. एकाने जोडली होती. त्यात सप्लायरांची नावं, जीएसटी नंबर, दर, सगळं उघडं. काम सुरेख होतं, पण आमच्या मनात एकच आलं: उद्या हा आमचीही शीट अशीच बाहेर पाठवेल. म्हणून भाचीच्या मेलमध्ये "नमुना आकडे घेऊन" असं लिहिलंय. 140 आणि अडीच लाखांसारखे गोळाबेरीज आकडेही, सध्याच्या कंपनीने गोपनीयतेचा करार करून घेतला असेल तर तो पाहूनच लिहावेत.

वेळेचंही महत्त्व आहे. शेरे पक्के होण्याआधी मेल पोहोचायला हवा, म्हणजे त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत. आठवड्याने आलेला मेल वाचला जातो, पण तोवर यादी वर गेलेली असते. मुलाखत घेणाऱ्याचा पत्ता नसेल तर एचआरला पाठवून पुढे द्यायची विनंती करावी. लिंक्डइनवर शोधून रात्री अकराला मेसेज टाकू नये, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच.

सरकारी भरतीत मात्र हे अजिबात करू नका. लोकसेवा आयोग, सरकारी बँका, महामंडळं यांच्या जाहिरातीत सहसा स्पष्ट लिहिलेलं असतं की कुठल्याही प्रकारे संपर्क साधून दबाव आणण्याचा प्रयत्न झाला तर उमेदवार अपात्र ठरेल. तिथे मुलाखतीचे गुण दिले की दिले, आणि तुमचा साधा खुलासाही त्या कलमात बसवला जाऊ शकतो. हा मार्ग खासगी नोकरीपुरताच.

भाचीला दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, "नोंद घेतली." पुढच्या आठवड्यात तिला चाचणीला बोलावलं. समोर लॅपटॉप, दोन शीट, एक खरेदी रजिस्टर, एक टू-बी, आणि एक तास. मेलमुळेच बोलावलं असं मी म्हणणार नाही. कदाचित सगळ्यांचीच चाचणी घेणार होते. पण तिथे बसल्यावर पहिला प्रश्न आला तो असा: "ते 25 जण तुम्ही वेगळे कसे काढलेत?"

ते उत्तर तिने दहा मिनिटं दिलं, शीटवर करून दाखवत. निकाल अजून यायचाय. एचआरने या महिनाअखेरची तारीख दिली आहे. ती उलटून गेली तर ती दोन ओळींचा मेल करून चौकशी करेल आणि त्यात टू-बीचा विषय पुन्हा काढणार नाही.