मोठ्यांच्या देखरेखीखाली

शाळेतून आलेल्या कागदावर प्रयोगाचे नाव ‘बुडणारा आणि तरंगणारा पाणबुड्या’ असे होते, लागणारा वेळ १० मिनिटे दिला होता, आणि तळाशी जाड अक्षरांत ‘हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावा’ अशी सूचना होती. त्याखाली दोन रिकाम्या जागा होत्या. पहिली ‘असे का घडते ते चार ओळींत लिहा’ यासाठी, आणि दुसरी देखरेख करणाऱ्या व्यक्तीच्या सहीसाठी. ती दुसरी जागा मी वाचताक्षणीच स्वतःच्या नावे राखून ठेवली, कारण शाळेत असताना विज्ञानात मला बऱ्यापैकी गुण पडत असत, आणि ही गोष्ट घरात सांगण्याची संधी बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती.

साहित्य साधे होते. एक लिटरची, गोल आणि दाबली की दबणारी प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली, तिचे घट्ट बसणारे झाकण, पेनाचे एक टोपण, मुले खेळतात त्या क्लेचा लहानसा गोळा आणि पाणी. कृती अशी, की टोपणाच्या तोंडाशी क्ले लावायचा, पण तोंड मात्र बुजवायचे नाही; मग आत हवा राहील अशा बेताने टोपण उपडे करून पाण्याने भरलेल्या बाटलीत सोडायचे आणि झाकण लावायचे. बाटली दाबली की टोपण बुडते, सोडली की वर येते. ‘‘बस एवढंच,’’ असे मी आठ वर्षांच्या मुलीला म्हणालो. हे वाक्य मी पुढच्या तीन संध्याकाळी वेगवेगळ्या सुरांत म्हटले.

पहिल्या संध्याकाळी टोपण पाण्यात सोडले आणि ते थेट तळाला गेले. टेबलावर ठेवलेली वस्तू जशी स्वस्थ पडून राहते, तसे ते तळाशी पडून राहिले. मी क्ले कमी केला, ते पुन्हा बुडाले. आणखी कमी केला, तरी बुडाले. टोपणातून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर येत होती, तिच्याकडे मी दुर्लक्ष केले, कारण ती दिसायला सुंदर होती. शेवटी मुलीने टोपण डोळ्यापाशी धरून त्यातून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘बाबा, याच्या डोक्याला भोक आहे.’’

खरोखरच होते. बऱ्याच पेनांच्या टोपणांना टोकाशी मुद्दाम भोक ठेवलेले असते. एखाद्या मुलाने टोपण गिळले आणि ते घशात अडकले, तरी त्या भोकातून थोडी हवा जात राहावी, हा त्यामागचा हेतू. आजवर मी हजारो टोपणे चावली असतील, पण त्या भोकाचे कारण मला पाणबुडा बुडाल्यावर समजले. त्यातून आतली हवा निसटत होती, आणि हवाच नाही तर तरंगणार कशाच्या जोरावर? भोकावर वाटाण्याएवढा क्ले दाबून बसवल्यावर बुडबुडे थांबले. देखरेखीचा खरा मुद्दाही मला तेव्हाच पटला, म्हणून तो इथे स्पष्ट लिहितो. हा प्रयोग मुलांनी घरातले मोठे माणूस शेजारी बसलेले असतानाच करावा. टोपण आणि क्लेचे तुकडे तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागू देऊ नयेत. बाटली काचेची घेऊ नये. आणि जमिनीवर सांडलेले पाणी तेव्हाच्या तेव्हा पुसावे. शेवटची सूचना मी पुसण्याआधी घसरलो असल्यामुळे अनुभवातून आलेली आहे.

दुसऱ्या संध्याकाळी अडचण उलटी झाली. भोक बुजले होते, क्ले मी जपून लावला होता, आणि टोपण आता इतक्या उत्साहाने तरंगत होते की त्याचा चांगला पेरभर भाग पाण्याबाहेर होता. मुलीने दोन्ही हातांनी बाटली दाबली, काही झाले नाही. मग मी दाबली. माझा चेहरा लाल झाला, बाटलीने कुरकुर केली, टोपण जेमतेम नखभर खाली गेले आणि पुन्हा वर येऊन डुलू लागले. तोवर आतल्या खोलीतून माझी आई आली, तिने चष्मा वर सारून बाटलीकडे पाहिले आणि विचारले, ‘‘बाटली अर्धीच का भरली आहेस? पाण्याची टंचाई आहे का?’’

आईचा विज्ञानाशी काही संबंध नाही, आणि म्हणूनच तिच्या प्रश्नाने मी अधिक खजील झालो. बाटलीत वर मोठी मोकळी जागा असली, की दाबण्याचा बहुतेक जोर तिथली हवा आकसवण्यातच खर्च होतो. बाटली काठोकाठ भरलेली असेल, तर पाणी हाताच्या जोराने म्हणण्यासारखे आकसतच नाही; ते तो दाब जसाच्या तसा सगळीकडे पोहोचवते, आणि सगळ्या बाटलीत आकसू शकणारी एकच वस्तू उरते ती म्हणजे टोपणातली चिमूटभर हवा. मी बाटली भरली. टोपण थोडे अधिक खाली गेले, पण बुडाले नाही.

इथे थोडा हिशोब करावा लागला. टोपणात साधारण दीड मिलिलिटर हवा मावत होती, आणि पाण्याचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे आतली हवा जवळपास तीस थेंबांएवढी. माझे टोपण इतके हलके झाले होते की ते बुडायला आत आणखी दहा थेंब पाणी शिरणे भाग होते. तीस थेंबांची हवा वीस थेंबांत कोंबायची तर आतला दाब दीडपट व्हायला हवा, आणि ते काम आठ वर्षांच्या हातांचे नाही. माझ्या हातांचेही नाही, हे नुकतेच सिद्ध झाले होते. तेच दोन थेंबांचे काम ठेवले, तर दाब सात टक्के वाढला तरी पुरतो, आणि तेवढा दाब मूल सहज देते. म्हणजे सगळी कला क्ले लावण्यात आहे. त्यासाठी आधी टोपण पाण्याच्या पेल्यात सोडून पाहावे, आणि त्याचे टोक पृष्ठभागाच्या बाहेर जेमतेम डोकावेल इतका क्ले चिमटीचिमटीने वाढवत न्यावा. कागदावर या पेल्याचा उल्लेख नव्हता. दहा मिनिटे बहुधा त्यामुळेच वाचली असावीत.

पेल्यातल्या परीक्षेनंतर मी इतका काटेकोर झालो की टोक दिसते की नाही याबद्दल घरात मतभेद झाले. झाकण लावले, मुलीने बाटली हलकेच दाबली, आणि पाणबुडा मोठ्या डौलाने खाली निघाला. टाळ्या झाल्या. तिने हात सोडला. पाणबुडा तळाशीच राहिला. ‘‘आता वर ये,’’ असे ती त्याला म्हणाली, मग मी म्हणालो, पण त्याने कोणाचेही ऐकले नाही.

या गोष्टीचे मला खरे कौतुक वाटते, कारण ती चूक नव्हती, अतिनेटकेपणा होता. पाण्यात जसजसे खाली जावे तसतसा वरच्या पाण्याचा भार वाढत जातो. दहा मीटर खोलीवर तो हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा होतो. आमच्या बाटलीत पाणी पंचवीस सेंटीमीटर खोल होते, म्हणजे तळाशी दाब सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त. तेवढ्याने तीस थेंबांची हवा जवळजवळ एका थेंबाने आकसते. पाणबुड्याला वर आणणारी शिल्लक जर एका थेंबाहूनही कमी ठेवली असेल, तर बाटली दाबणारा हात निघून गेला तरी तळाचे पाणीच त्याला दाबून धरते. दोन थेंबांची शिल्लक असावी. एक तळाच्या पाण्यासाठी आणि एक वर येण्यासाठी. मी टाचणीच्या डोक्याएवढा क्ले काढला, आणि टोपण एखाद्या शहाण्या मुलासारखे वरखाली करू लागले. रात्री साडेदहा वाजता आम्ही ते पंधरा वेळा बुडवले.

सकाळी पाहिले तर पाणबुडा आपण होऊन तळाशी बसला होता. मुलीने माझ्याकडे पाहिले, मी आईकडे पाहिले, आणि आई म्हणाली, ‘‘गारठला असेल.’’ ती विनोदाने म्हणाली होती, पण बरोबर म्हणाली होती. रात्रभरात पाणी गार झाले, पाण्याबरोबर टोपणातली हवाही गार होऊन आकसली, आणि तिने सोडलेल्या जागेत पाणी शिरले. पाच-सहा अंशांचा फरक पडला तरी आमच्या हवेतून अर्ध्या-पाऊण थेंबाची जागा कमी होते, आणि ज्याचा संसारच जेमतेम थेंबभर शिलकीवर चाललेला, त्याला एवढी ओढाताण पुरते. शंका राहू नये म्हणून बाटलीचे झाकण उघडून ती कोमट पाण्याच्या बादलीत उभी केली. थोड्या वेळाने पाणबुडा तळापासून सुटला, जरा घोटाळला आणि वर आला. बादलीभोवती आम्ही तिघे उकिडवे बसलो होतो, आणि माझी कार्यालयाची वेळ टळून गेली होती.

तिसऱ्या संध्याकाळी चार ओळी लिहायच्या होत्या. मी ‘दाब’, ‘घनता’, ‘उत्प्लावक बल’ अशी भारदस्त सुरुवात सांगितली, तशी मुलीने पेन्सिल खाली ठेवली. तिने बाटली उजेडासमोर धरली आणि मला म्हणाली, ‘‘नुसतं बघा.’’ टोपण पारदर्शक होते. तिने बाटली दाबली, आणि टोपणाच्या आतली पाण्याची रेघ दोन-तीन मिलिमीटर वर चढली. मगच टोपण बुडाले. तिने हात सोडला, रेघ खाली उतरली, आणि टोपण वर आले. तीन दिवस मी टोपणाकडे पाहत होतो, आणि ती टोपणाच्या आत पाहत होती.

तिने स्वतःच लिहिले, ते असे. ‘बाटली दाबली की पाणी टोपणातल्या हवेला दाबते. हवा लहान होते, म्हणून टोपणात थोडे पाणी शिरते. पाणी शिरल्याने टोपण जड होते आणि बुडते. हात सोडला की हवा पुन्हा मोठी होते, पाण्याला बाहेर ढकलते आणि टोपण हलके होऊन वर येते.’ यात मी फक्त एका अनुस्वाराची भर घातली. या खेळण्याला युरोपात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचे नाव आहे, पण त्याचे पहिले छापील वर्णन १६४८ मध्ये राफाएल्लो माज्योत्ती या इटालियन माणसाने केले, हेही जोडावे असे मी सुचवले. त्यावर ‘‘चारच ओळी सांगितल्या आहेत, बाबा,’’ असे उत्तर मिळाले.

उरली सहीची जागा. मी खिशातून पेन काढले, त्याला टोपण नव्हते. ते शोधत मी बाटलीपाशी गेलो, आणि परत येईपर्यंत मुलीने कागद आतल्या खोलीत नेला होता. देखरेख करणाऱ्या व्यक्तीच्या जागी आईची थरथरती, वळणदार सही झाली होती.