मंदी आलीय? पगार राहू द्या, माणूस काढा!

खप घसरलाय ना? घाबरू नका. आमच्या कंपनीने हा प्रसंग नुकताच मोठ्या धीराने निभावला. माझ्या शेजारी बसणारा जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेला, परत आला तर त्याच्या ओळखपत्राने दारच उघडेना. तुम्हालाही जमेल.

आधी मालाची किंमत अजिबात उतरवू नका. तुम्ही उतरवलीत की स्पर्धकही उतरवणार, आणि एकदा उतरवलेली पुन्हा चढवायला गिऱ्हाईक देत नाही. त्यापेक्षा माल पडून राहू दे. मग काम आपोआप घटतं आणि पुढचं निमित्त आयतं मिळतं.

पगाराला मात्र हात लावायचा नाही. समजा, सारख्या पगाराची दहा माणसं आहेत आणि पगारखर्च दहा टक्क्यांनी उतरवायचाय. सगळ्यांचे दहा टक्के कापलेत तर दहा नाराज चेहरे रोज समोर. एकाला काढलंत तर बचत तेवढीच, आणि नाराजी फाटकाबाहेर! शिवाय पगार कापला की हुशार माणसं आधी सटकतात, कारण त्यांनाच दुसरीकडे बोलावणं असतं. काढायचं कोणाला, हे मात्र तुम्ही ठरवता. ट्रूमन ब्यूली या अर्थतज्ज्ञाने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन मंदीत, अमेरिकेच्या ईशान्य भागात तीनशेहून जास्त मुलाखती घेतल्या, तेव्हा मॅनेजर मंडळींनी हेच सांगितलं. कपात केली की कामावरचं मन उडतं म्हणे. आणि उरलेल्या नऊ जणांचं काय? गेलेल्याच्या फायली कोणाच्या टेबलावर आल्या? त्याचे गिऱ्हाईक रात्री कोणाला फोन करतात? पुढचा नंबर आपला, हे डोक्यात घेऊन बसलेल्या माणसाचं मन काय कामावर नाचत असतं?

निरोपाच्या ईमेलमध्ये ‘कुटुंब’ हा शब्द दोनदा तरी घाला.

महागाई असेल तर तुमची चांदीच. 1986मध्ये कॅनडातल्या एका पाहणीचे निष्कर्ष छापून आले. महागाई नसताना पगार सात टक्के कापणं 62 टक्के लोकांना अन्याय वाटलं. पण बारा टक्के महागाईत पाचच टक्के वाढ 78 टक्के लोकांनी चालवून घेतली. खिशाला फटका जवळपास सारखाच! म्हणजे कापा, पण ‘वाढ’ म्हणून कापा.

पुरे झालं. त्याच ब्यूलीला असंही आढळलं होतं की कंपनी खरंच बुडतेय आणि कपातीने बऱ्याच नोकऱ्या वाचतील हे पटलं, तर लोक कपात सोसतात. पण पटवायचं तर हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागतात, वरच्यांचे बोनस दिसतात. जर्मनीत 2009मध्ये कामाचे तास कमी केले, बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारी निधीतून भरला आणि माणसं टिकवली. आमच्याकडे सरकारी मदत नसेल, पण तास कमी करू का, एवढं तरी विचारायचं होतं! कुणी विचारलं नाही. वह्या कुलपात ठेवता आणि वर म्हणता, ‘लोक ऐकले नसते’?