आधी ताटाखालचा हात शोधा

‘आम्ही जेवायला बसलो की कुत्रा ताटाशी येऊन भुंकतो, काय करावं?’

घरात गुपचूप पोळीचा तुकडा कोण टाकतं ते आधी बघा. बहुधा आजोबाच निघतात. कधीमधी मिळणाऱ्या तुकड्यानेच कुत्रा जास्त चिवट होतो. सगळ्यांनी हात आवरला की सुरुवातीला भुंकणं उलट वाढेल. नेमकं तेव्हाच कंटाळून काही दिलंत, तर ‘मोठ्याने भुंकलं की मिळतं’ एवढंच तो शिकेल. त्याचं जेवण तुमच्या आधी उरकून घ्या, लांब सतरंजीवर बसवा आणि गप्प असताना त्याचा खाऊ तिथेच नेऊन द्या. ओट्यावरून चोरत असेल तर ओरडून उपयोग नाही, ओटाच रिकामा ठेवा. कांदा, द्राक्षं, बेदाणे तर त्याला विषारीच.