बाबनिहाय हिशेब मागताना एकूण क्षेत्रफळही मागा

आमच्या व्यापारी संकुलाच्या व्यवस्थापनाने वर्षअखेरीस सामाईक देखभाल खर्चाच्या फरकाचे, म्हणजे आधी घेतलेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांतील तफावतीचे, बिल पाठवले. त्यात एकूण खर्च, आपला हिस्सा आणि देय रक्कम एवढ्या तीनच ओळी आहेत. सुरक्षारक्षक, सफाई, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे यांचा वाटा देण्यास माझी कधीच हरकत नव्हती. परंतु तीन ओळींवरून तो वाटा बरोबर आहे की नाही हे कोणालाही पडताळता येणार नाही.

गाळेधारक बहुधा खर्चाच्या आकड्यावरच वाद घालतात. माझ्या मते पहिला प्रश्न हिश्श्याचा असावा. माझा गाळा ४०० चौरस फुटांचा आणि संकुलातील भाड्याने देण्याजोगे क्षेत्र २०,००० चौरस फूट, म्हणून माझा हिस्सा २ टक्के होतो. बिलात तो अडीच टक्के धरला आहे. म्हणजे रिकामे पडलेले ४,००० चौरस फूट वगळून खर्च फक्त १६,००० चौरस फुटांवर वाटला गेला असावा. खर्च एका पैशानेही न वाढता माझा वाटा पाव पटीने वाढतो आणि रिकाम्या गाळ्यांचा भार मालकाऐवजी आम्ही उचलतो. करारात 'भाड्याने दिलेले क्षेत्र' असे स्पष्ट लिहिले असेल तर ही आकारणी चालू शकते. माझ्या करारात 'भाड्याने देण्याजोगे क्षेत्र' असे शब्द आहेत.

दुसरी शंका लिफ्टबद्दल आहे. लिफ्टची दुरुस्ती हा देखभाल खर्च आहे, पण जुनी काढून नवी बसवणे ही मालकाच्या मालमत्तेत पडलेली भर आहे. काही करारांत असा खर्च लिफ्टच्या उपयुक्त आयुष्यभरात विभागून दरवर्षी थोडाथोडा आकारण्याची मुभा असते. सगळा एकाच वर्षात लावला असेल, तर ते बाबनिहाय हिशेबातल्या केवळ 'लिफ्ट' या शब्दावरूनही कळणार नाही, कंत्राटदाराचे बिलच पाहावे लागते.

म्हणून मी लेखी पत्राने बाबनिहाय तपशील, मागील वर्षाचे त्याच बाबींचे आकडे, मोठ्या खर्चांच्या बिलांच्या प्रती आणि हिस्सा काढताना धरलेले एकूण क्षेत्रफळ मागितले आहे. वाद नसलेली रक्कम भरली असून उरलेली हरकत नोंदवून राखून ठेवली आहे. सगळेच पैसे अडवले असते तर थकबाकीदार ठरवण्याची संधी मालकाला आयती मिळाली असती. मात्र वादातली रक्कमही आधी भरावी आणि नंतर परत मागावी, अशी अट काही करारांत असते. हरकतीची मुदतही ठरलेली असते. ही दोन्ही कलमे पत्र पाठवण्यापूर्वीच वाचावीत.

हिशेबाचे लेखापरीक्षण झालेले आहे, एवढेच उत्तर व्यवस्थापनाकडून आले. खर्च खरोखर झाला, एवढे लेखापरीक्षणातून कळेल. तो माझ्या करारानुसार माझ्याकडून वसूल करता येतो का आणि किती टक्के, हा प्रश्न त्याने सुटत नाही. क्षेत्रफळाचा तक्ता मिळावा यासाठी मी दुसरे पत्र दिले आहे.