शनिवार-रविवार झोपेला सुट्टी

मूल सव्वादोन वर्षांचं आहे, आईबाबा वेगळे राहतात, आणि शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ ते तुमच्या वाट्याला येतं. त्याची आई कोथरूडला. तुम्ही चिंचवडला, तुमच्या आईवडिलांकडे. अशा वेळी मुलाच्या झोपेचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर आधी तो सोडून द्या. झोप ही आईकडची शिस्त आहे. तुमच्याकडे प्रेम आहे.

तुमचं हे मूल म्हणजे चिमी. आईकडे ती सकाळी सातला उठते, दुपारी एक ते अडीच झोपते आणि रात्री साडेआठला आडवी होते. म्हणजे चोवीस तासांत बारा तास. या वयाला अकरा ते चौदा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात, तेव्हा हिशोब बरोबर आहे. बरोबर असलेला हिशोब दोन दिवसांत कसा विस्कटायचा, ते आता बघू.

शुक्रवारी पोचल्या पोचल्या आत्या, काका, शेजारच्या काकू यांना बोलावून ठेवा. पावणेआठला चिमी डोळे चोळेल, कान ओढेल, आजीच्या खांद्यावर डोकं टेकवेल. तिकडे अजिबात लक्ष देऊ नका. अर्धा तास थांबा. मग तिला एकदम चेव येईल, ती सोफ्यावरून उड्या मारायला लागेल, आणि सगळे एका सुरात म्हणतील, "बघा, हिला झोपच येत नाहीये!" वेळेवर झोपू न दिलेलं मूल जागं राहण्यासाठी शरीरातली राखीव ताकद बाहेर काढतं, हे भलतंसलतं ज्ञान त्या क्षणी कोणी मांडू नये. टाळ्या वाजवाव्यात, मोबाइलवर गाणं लावावं. दिवाणखान्यातली ट्यूबलाइट चालूच ठेवा; लहान मुलांच्या डोळ्यांवर रात्रीचा उजेड मोठ्यांपेक्षा जास्त परिणाम करतो आणि झोपेचा संप्रेरक मागे ढकलतो, ही गोष्ट तुमच्या वीजबिलाइतकीच दुर्लक्ष करण्यासारखी आहे.

साडेदहाला ती कोसळेल. आजी तिला मांडीवर घेऊन थोपटेल, हलवेल, पूर्ण झोप लागल्यावरच हलक्या हाताने गादीवर ठेवेल. हा प्रकार फार मायेचा आहे आणि रात्री दोन वाजता त्याची पावती मिळते. मूल रात्रीत मधूनमधून अर्धवट जागं होतंच, आपणही होतो. आईकडे ते अंथरुणावरच झोपलेलं असतं, त्यामुळे जाग आली तरी सगळं जिथल्या तिथे. इथे मांडी होती, आता गादी आहे. ते ओरडणारच. मग आजी पुन्हा मांडी देईल. दोन वाजता, साडेतीनला, पाचला. सकाळी आजी म्हणेल, "तिकडे हिला नीट झोपवतच नाहीत वाटतं." या वाक्याला मान डोलवा.

उशिरा झोपली म्हणजे उशिरा उठेल, असा तुमचा हिशोब असेल. ती सव्वासहाला उठेल. या वयाच्या पोरांच्या अंगातलं घड्याळ पाहुण्यांचा मान ठेवत नाही.

शनिवारी दुपारी एकची झोप हुकवायची. हे सोपं आहे. बारा वाजता जेवायला बाहेर पडलं की झालं. सव्वाचारला परत आल्यावर ती झोपेल, आणि इथे घरातला एक जुना कायदा मदतीला येतो: झोपलेल्या पोराला उठवू नये. सगळे कुजबुजत बोलतील, आजोबा बातम्यांचा आवाज बंद करून फक्त चित्रं बघतील. साडेसहापर्यंत झोपू द्या. दुपारच्या झोपेतून उठल्यावर चिमीला रात्रीची झोप यायला साधारण पाच-सहा तास लागतात. साडेसहात सहा मिळवले की साडेबारा. तरी ती दमलेली असल्याने सव्वाअकरालाच झोपली, म्हणजे तुम्ही नशीबवान. कोणी सुचवेल की साडेचारची झोप पाऊण तासात मोडली असती, थोडी रडारड झाली असती आणि रात्र वाचली असती. असं सुचवणाऱ्याला चहा द्या आणि विषय बदला.

आईची आठवण आली तर नेमका झोपायच्या ठोक्याला व्हिडिओ कॉल लावा. जेवणाआधी लावला तर मूल बोलून, हसून विसरून जातं, त्यात काय मजा? दिवे मालवल्यावर आईचा चेहरा दिसला, मग तो नाहीसा झाला, की तासभराची सोय होते. शिवाय "आईसाठी रडत होती" हे वाक्य पुढे केव्हाही कामी येतं.

खरेदीचंही बघा. छतावर चांदण्या पाडणारा दिवा आणा, कोथरूडच्या खोलीसारखाच पडदा आणा, तीच कंपनी, तोच रंग. मुलाला घर वेगळं आहे हे व्यवस्थित कळतं आणि ते त्याला फारसं खुपतही नाही. त्याला खुपतो तो बदललेला क्रम. दात घासले, पाणी प्यायलं, एक पुस्तक, दिवा बंद, अंगाई: या पाच गोष्टी त्याच ओळीने झाल्या की चिंचवडच्या सतरंजीवरही ते सैल पडतं. हा क्रम फुकट असल्याने तो विचारूच नका. आणि ती आईची जुनी सुती ओढणी, जी चिमी नाकाशी धरून झोपते, ती पिशवीत आली असेल तर आजीला लगेच धुवायला द्या. वास गेला की ओढणी स्वच्छ होते.

आजीकडे जायफळ असेलच. दुधात उगाळून "जरासं" दिलं की मूल झोपतं, तुम्हीही असेच वाढलात. जायफळ जास्त झालं की उलट्या, गुंगी आणि गोंधळ होतो, आणि सहाणेवर "जरासं" म्हणजे किती, हे मोजायचं माप नाही. इथे मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो: देऊ नका. बाकी सगळं चालू ठेवा.

रविवारी सकाळी मात्र दोन रात्रींच्या थकव्याने ती पडून राहील; भरपाई म्हणून तिला नऊपर्यंत झोपू द्या. नऊला उठलेलं मूल एकला कशाला झोपेल? ती झोपणार नाही. तिन्हीसांजेपर्यंत ती भेलकांडत चालेल, बिस्किट तुटलं म्हणून वीस मिनिटं रडेल. साडेसहाला तिला गाडीत बसवा. पावणेसातला, पुलापाशी, तिची मान कलेल. मागच्या सीटवर कोणी बसून तिला गोष्ट सांगत जागं ठेवू नये. पाचलाच निघून वाटेतली डुलकी लवकर संपवण्याचा विचार तर मनातही आणू नये. सव्वासातला दारात तुम्ही तिला खांद्यावरून तिच्या आईच्या खांद्यावर द्या आणि हळू आवाजात म्हणा, "बघ, किती शांत झोपलीय."

शुक्रवारपासून कधी झोपली, कधी उठली, याची एक ओळ मोबाइलवर पाठवली असती तर आईला आज रात्रीचा अंदाज आला असता. पण एक ओळ म्हणजे संवाद, आणि संवाद वकिलांमार्फत असतो.

गाडीतली ही अर्ध्या तासाची डुलकी दिवसभरात साठलेली झोपेची ओढ बरीचशी खर्च करते, आणि तीच साडेआठला लागणार होती. त्यामुळे साडेआठला चिमी टक्क जागी. साडेनऊला जागी. अकराला झोपेल. सोमवारी सातला तिला उठवून पाळणाघरात सोडायचंय, पण तोवर तुम्ही घरी पोचून, जेवून, ट्यूबलाइट बंद करून गाढ झोपलेले असाल.